आधी आलं ते आधी: कोठीची खोली आणि डब्याचा तळ

चाळीस-पन्नास डबे पोचवणारी खाणावळ, एखादं पोळीभाजी केंद्र, वसतिगृहाचं स्वयंपाकघर, आश्रमशाळेची मेस. अशा ठिकाणची कोठीची खोली बहुतेक वेळा आठ बाय दहाची असते. एक दार, असलीच तर एक छोटी खिडकी, तीन भिंतींना लावलेले मांडण्यांचे रॅक, खाली पोती आणि तेलाचे डबे. या खोलीत पहाटे पाचला जी व्यक्ती शिरते तिला घाई असते. दिव्याचा उजेड अपुरा असतो. जे हाताशी असेल ते उचललं जातं, आणि हाताशी नेमका कालच आलेला माल असतो, कारण टेम्पोवाल्याने तो दाराशी उतरवलेला असतो आणि मुलाने तो जागा दिसेल तिथे, म्हणजे जुन्याच्या पुढे, ठेवलेला असतो. एकाच बाजूने उघडणाऱ्या रॅकचा स्वभावच असा आहे की शेवटी आलेलं आधी बाहेर पडतं आणि आधी आलेलं भिंतीला टेकून बसतं.

‘आधी आलेलं आधी वापरा’ हा नियम ऐकायला इतका सोपा आहे की तो शिकवावा लागतो याचंच नवल वाटेल. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११च्या परवाना व नोंदणी विनियमांच्या परिशिष्ट ४मध्ये तो लिहिलेलाच आहे: कच्च्या मालापासून तयार पदार्थांपर्यंत सगळ्याची साठवण ‘फिफो’ म्हणजे आधी आलेलं आधी, किंवा ‘फेफो’ म्हणजे आधी मुदत संपणारं आधी, या क्रमाने फिरती असावी. खाणावळ चालवणाऱ्यांना तो माहीतही असतो. विचारलं तर प्रत्येकजण सांगतो की आम्ही जुनंच आधी वापरतो. तरीही पावसाळ्यात रव्यात जाळी होते आणि बेसनाला वास येतो. याचं कारण असं की नियम पोत्यांच्या रांगेत पाळला जातो आणि डब्याच्या तोंडाशी मोडतो. या प्रकरणात मुख्यतः त्या डब्याबद्दलच बोलायचं आहे.

दहा किलोचा बेसनाचा डबा घ्या. दर पंधरा दिवसांनी तो अर्धा होतो आणि वरून पाच किलो नवं बेसन ओतून पुन्हा भरला जातो. बाहेरून पाहिलं तर सगळं नियमाप्रमाणे चाललेलं दिसतं, कारण जुनी पिशवी आधी फोडली आणि नवी नंतर. आता आत काय होतं ते पाहा. बेसन वाटीने वरवरच काढलं जात असेल, तर दर खेपेला बाहेर पडतात ते वरचे पाच किलो, म्हणजे नुकतं ओतलेलं बेसन. खालचे पाच किलो पहिल्या दिवसापासून जिथे होते तिथेच राहतात. डबा वर्षभर वापरात असतो आणि त्याचा अर्धा भाग वर्षभर हललेला नसतो.

कोणी म्हणेल की आम्ही ओतल्यावर हात घालून सारखं करतो. ठीक आहे, प्रत्येक वेळी अगदी नीट मिसळलं असं धरू. पहिल्या भरणीनंतर डब्यात पाच किलो जुनं राहतं. वापरताना जुनं-नवं सारख्याच प्रमाणात बाहेर जातं, म्हणून दुसऱ्या भरणीनंतर मूळचं अडीच किलो उरतं, तिसऱ्या भरणीनंतर सव्वा किलो आणि चौथीनंतर सव्वासहाशे ग्रॅम. चौथी भरणी म्हणजे दोन महिने झाले. दोन महिन्यांनंतरही पहिल्या पिशवीतलं सव्वासहाशे ग्रॅम बेसन त्या डब्यात आहे, आणि ते आता वेगळं काढताही येत नाही. मिसळण्याने जुना माल संपत नाही, तो पसरतो. डब्यावर चौथ्या भरणीची तारीख लिहिली तर ती खोटी आणि पहिलीची लिहिली तर निरुपयोगी. वरून भरलेल्या डब्याला खरी तारीखच नसते.

हे सव्वासहाशे ग्रॅम महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी किड्यांचं वेळापत्रक माहीत असावं लागतं. पिठातले आणि रव्यातले तांबडे भुंगेरे, ज्यांना शास्त्रज्ञ ट्रायबोलियम म्हणतात, त्यांना आपल्याकडची तिशीच्या आसपासची उष्णता आणि पावसाळी दमट हवा अगदी मानवते. अशा हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तांदूळ-गव्हातल्या सोंडकिड्याचा हिशोबही जवळपास एवढाच. त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक चिकट बुचाने बंद करते. अळी दाण्याच्या आतच वाढते. म्हणून बाजारातून आलेला तांदूळ सुपात घेऊन पाहिला तरी स्वच्छ दिसतो, आणि महिनाभराने त्याच पोत्यात किडे चालायला लागतात. ते बाहेरून शिरलेले नसतात, बहुतेकदा मालाबरोबरच आलेले असतात.

यातून कोठीच्या नियमाचा खरा अर्थ कळतो. माल क्रमाने फिरवण्याचा उद्देश हा की आत आलेली अंडी मोठी होऊन पुढची अंडी घालण्याआधी तो माल भांड्यात गेला पाहिजे. महिन्याच्या आत संपणाऱ्या पोत्यातल्या किड्यांना दुसरी पिढी उभी करायला वेळ मिळत नाही. पण डब्याच्या तळाशी पाच किलो कायम बसून असतील, तर तिथे पिढ्यांमागून पिढ्या होतात आणि दर पंधरा दिवसांनी वरून येणारं ताजं बेसन त्यांना खाद्य म्हणून मिळतं. नवा माल खराब लागला म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, दुकान बदललं जातं, आणि किडे तसेच राहतात, कारण ते मुळात डब्यात होते.

खाली दार असलेल्या पत्र्याच्या कोठीने हा प्रश्न सुटतो अशी समजूत आहे. वरून धान्य ओतायचं, खालच्या झडपेतून काढायचं. म्हणजे आधी ओतलेलं आधी येणारच. पण सपाट बुडाच्या कोठीत धान्य असं सरळ खाली सरकत नाही. झडप उघडली की तिच्या वरच्या उभ्या पट्ट्यातलं धान्य आधी वाहतं, आणि ती जागा भरायला कडेचं नव्हे तर वरच्या थरातलं धान्य घरंगळत येतं. कोठीचं झाकण काढून पाहिलंत तर वरच्या पृष्ठभागावर खळगा पडलेला दिसेल. तो खळगा म्हणजे नवं धान्य आधी बाहेर चालल्याची खूण आहे. कडेचं आणि कोपऱ्यातलं जुनं धान्य तसंच राहतं. तीव्र उताराचं नरसाळ्यासारखं बूड असलेल्या कोठीतच सगळं धान्य एकसारखं खाली उतरतं. तेव्हा घरच्या कोठीतही वर्षातून एकदा, नवं धान्य भरण्याआधी, ती पूर्ण रिकामी करून, पुसून उन्हात तापवणं याला दुसरा उपाय नाही. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरणाऱ्या बायका हे करत आल्या आहेत. ऊन दाखवणं, डाळीला एरंडेलाचा हात लावणं हे सगळं नव्या धान्यासाठी असतं, पण त्याआधी कोठी कोरी केली जाते हा त्या रीतीतला सर्वांत मोलाचा भाग आहे.

खाणावळीसाठी हीच रीत महिन्याच्या आत बसवायची तर दोन डब्यांची पद्धत सर्वांत बरी. बेसनासाठी दहा किलोचा एक डबा नको, पाच-पाच किलोचे दोन हवेत. एक चालू, एक भरून मिटलेला. चालू डब्याचा तळ दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. तळ दिसला की उरलंसुरलं त्या दिवशीच वापरायचं, डबा घासायचा, उन्हात पूर्ण वाळवायचा आणि मगच त्यात नवी पिशवी ओतायची. वाळवण्याची घाई करू नये. काठाच्या वळलेल्या पट्टीत आणि झाकणाच्या खाचेत पाणी राहतं, पीठ तिथे चिकटतं, गोळा होतो, आणि जी कीड घालवायला डबा धुतला तिलाच तिथे आसरा मिळतो. म्हणून तिसरा, रिकामा डबा हाताशी असेल तर फार सोय होते: एक चालू, एक भरलेला, एक वाळत असलेला.

या पद्धतीत ‘मावशी, नवी पिशवी फोडू का?’ या प्रश्नाचं उत्तर एकच असतं: ‘आधी डब्याचा तळ दाखव.’ हे उत्तर स्वयंपाकघरात रुजलं की निम्मं काम झालं.

पोत्यांचंही असंच. पाच पोती एकावर एक रचली तर सर्वांत खालचं पोतं कधीच निघत नाही, कारण तिथवर पोचण्याआधी नवी पोती वर येऊन पडतात. त्यापेक्षा शेजारी शेजारी दोन बुटक्या थप्प्या कराव्यात. डावी थप्पी वापरायची, नवा माल उजवीकडे. डावी संपली की तिथली जमीन झाडायची, आणि मग उजवी चालू थप्पी होते आणि येणारा माल डावीकडे जातो. कुठली थप्पी चालू आहे हे दाखवायला तिच्यावर एक लाल दोरी किंवा पाटी पुरते. थप्प्या फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हात फिरेल इतक्या सुट्या असाव्यात, म्हणजे मागून झाडता येतं आणि भिंतीची ओल पोत्याला लागत नाही. रॅकवरच्या पाकिटांनाही हेच लागू पडतं. ‘नवीन मागे ठेवा’ असं सांगितलं जातं, पण खोल मांडणीवर मागे ठेवायचं म्हणजे पुढचं सगळं काढायचं, आणि तेवढा वेळ कोणालाच नसतो. मांडणी डावी-उजवी विभागली की काहीही न काढता क्रम राहतो.

आता तारखांकडे येऊ. पाकिटावर छापलेली तारीख असताना वेगळी चिठ्ठी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण छापील तारीख मिटलेल्या पाकिटाबद्दल बोलते. पाकीट कापलं की ज्या कोरड्या, बंद अवस्थेच्या भरवशावर ती मुदत दिली होती ती अवस्थाच संपते. शिवाय ती तारीख फार लवकर नजरेआड होते. पोत्याच्या तोंडाच्या शिवणीत जी छापील चिठ्ठी असते ती पोतं उसवताना पहिल्यांदा कचऱ्यात जाते. पाकीट डब्यात ओतलं की पाकीट फेकलं जातं. अनेक पाकिटांवर तर थेट तारीख नसून ‘पॅकिंगपासून सहा महिने’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे हिशोब वाचणाऱ्याने करायचा. तो पहाटे पाचला कोणी करत नाही.

छापील शब्दांतला फरकही इथेच सांगून टाकतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे या तारखेनंतर वापरू नका. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे या तारखेपर्यंत पदार्थ आपल्या उत्तम गुणांत असेल; नंतर तो घातक होतोच असं नाही, पण उत्पादक त्याच्या चवीची आणि पोताची हमी घेत नाही. २०२०च्या लेबल विनियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ या दोन्ही सक्तीच्या केल्या आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवलं. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मालावर नुसता महिना आणि वर्ष छापलेलं चालतं, म्हणून पुष्कळ पाकिटांवर दिवस सापडत नाही. पॅकिंगची तारीख ही दळण्याची तारीख असेलच असंही नाही. तेव्हा या छापील मजकुरातून आपल्याला लागणारी एकच गोष्ट काढून घ्यावी: शेवटचा दिवस कोणता. आणि तो माल आत घेतानाच, शांतपणे, मोठ्या अक्षरांत लिहून टाकावा.

माझ्या मते चांगल्या चिठ्ठीवर तीन तारखा असतात. ‘आला’, ‘उघडला’, ‘संपवा’. पहिली आणि तिसरी माल आत घेताना लिहायची, दुसरी जागा रिकामी ठेवायची आणि पाकीट फोडणाऱ्याने भरायची. फोडल्यावर ‘संपवा’ची तारीख बहुतेकदा अलीकडे ओढावी लागते. रवा मिटलेला असताना छापील मुदत तीन महिन्यांची असेल, पण पावसाळ्यात फोडलेला रवा महिन्याच्या आत संपवावा. बाजरीचं पीठ तर याहून नाजूक. बाजरीत तेलाचा अंश जास्त, आणि दळलं की धान्यातली विकरं त्या तेलावर काम करू लागतात, त्यामुळे काही दिवसांतच ते कडवट लागायला लागतं. त्याला आठवड्याचीच तारीख टाकावी आणि त्यापेक्षा जास्त दळूच नये. शेंगदाण्याचं कूटही त्याच जातीचं: अख्खे दाणे टिकतात, कूट केलं की खवट होण्याचं घड्याळ वेगाने फिरू लागतं. माल भाजून ठेवला असेल तर ‘उघडला’च्या जागी ‘भाजला’ असं लिहावं. रवा भाजून ठेवण्याची आपली रीत नुसती चवीची नाही, त्या उष्णतेने अंडीही मरतात, म्हणजे किड्यांचा हिशोब त्या दिवसापासून नव्याने सुरू होतो. अर्थात भाजलेला रवा पुन्हा न धुतलेल्या डब्यात गेला तर तो लाभ तिथेच संपला.

चिठ्ठी कशाची? कागदी चिकटपट्टी, जिला रंगारी लोक मास्किंग टेप म्हणतात, आणि पक्क्या शाईचा मार्कर. याहून महाग काही लागत नाही. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. पट्टी झाकणावर नव्हे, डब्याच्या अंगावर लावावी. एका मापाच्या चार डब्यांची झाकणं धुताना अदलाबदल होणारच, आणि मग मैद्यावर वरईची तारीख बसते. दुसरं, जुनी पट्टी काढायची ती फक्त मोरीवर, डबा घासताना. जुन्या पट्टीवर नवी पट्टी लावायची नाही. हा नियम ठेवला की पट्टी आपोआप साक्षीदार होते: नव्या पट्टीखाली जुनीची कड दिसली तर डबा न धुता वरून भरला आहे, हे विचारपूस न करता कळतं.

आकड्यांची एक अडचण आपल्याकडे खास आहे. एकाच स्वयंपाकघरात कोणी मराठी आकडे लिहितो, कोणी इंग्रजी. घाईत लिहिलेला आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आपला ४ इंग्रजी आठसारखा. ओल्या हाताने लिहिलेली तारीख पुसट झाली की मग अंदाजच उरतो. म्हणून महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहावा, ‘१२ जुलै’, ‘३ ऑग’, आणि दिवसासाठी सगळ्यांनी मिळून कुठलीतरी एकच लिपी ठरवावी. वाचता न येणारी मंडळी कामाला असतील तर दर महिन्याला चिकटपट्टीचा रंग बदलावा. जुलैची पिवळी, ऑगस्टची निळी. दारात या महिन्याचा आणि गेल्या महिन्याचा रंग लावून ठेवला की तिसरा रंग दिसताक्षणी कळतो.

आता एक गोष्ट जिथे साध्या नियमाने फसगत होते. समजा ५ जूनला बेसनाची पाकिटं आली, मुदत नोव्हेंबरअखेर. २० जूनला घाऊक दुकानातून आणखी पाकिटं आली, भाव जरा बरा होता, आणि त्यांची मुदत सप्टेंबरअखेर. दुकानदाराने आपल्या गोदामातला जुना माल आधी काढला. त्याच्या दृष्टीने त्याने नियम पाळला. तुम्ही आता ‘आधी आलेलं आधी’ धरून जूनच्या पहिल्या पाकिटांना हात घातलात तर सप्टेंबरची पाकिटं मागे राहून मुदतबाह्य होतील. इथे मुदतीचा क्रम वरचढ. नियम असा सांगता येईल: छापील मुदत असेल तर आधी मुदत संपणारं आधी, सुटा माल असेल, म्हणजे मोंढ्यातून आलेली डाळ, रवा, शेंगदाणे, तर आधी आलेलं आधी. आणि माल दारात उतरवतानाच मुदत वाचली तर तो परत करता येतो. कोठीत गेल्यावर ती आपली जबाबदारी.

काही मालाला तारखेपेक्षा डोळा महत्त्वाचा. कांद्याच्या दोन गोण्यांत नंतर आलेल्या गोणीत मऊ पडलेले कांदे असतील तर तेच आधी चिरले पाहिजेत. कोंब आलेल्या बटाट्याला कालपरवाची तारीख वाचवत नाही. तांदळाचं उलटं. जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून लोक मुद्दाम घेतात, तेव्हा तिथे घाई कीड लागण्याची आहे, तांदूळ जुना होण्याची नाही. पण दोन खेपांचा तांदूळ एका डब्यात मिसळण्याची शिक्षा तिथेही मिळते: जुन्याला पाणी जास्त लागतं, नव्याला कमी, आणि एकाच पातेल्यात काही दाणे गिचका होतात तर काही टणक राहतात. आचारी पाण्याच्या मापाला दोष देत राहतो.

फिरवणूक बिघडल्याचं ओळखायचं कसं? कीड दिसण्याची वाट पाहू नये, ती फार उशिरा दिसते. आधीच्या खुणा वेगळ्या आहेत. रव्याचे दाणे एकमेकांना धाग्याने धरल्यासारखे लोंबतात, ती पतंगाच्या अळीची जाळी. पिठाला उग्र, औषधासारखा वास येतो आणि रंगात किंचित गुलाबी झाक दिसते, तो भुंगेऱ्यांच्या अंगातून सुटणाऱ्या द्रवाचा परिणाम. असं पीठ चाळून किडे काढले तरी वास जात नाही. अख्ख्या मुगावर, चवळीवर पांढरे बारीक ठिपके दिसतात ती अंडी, आणि गोल भोकं दिसली तर किडा निघूनही गेला. शेंगदाणे आणि सुकं खोबरं यांच्याबाबतीत मात्र निवडून वापरण्याचा मोह टाळावा. त्यांच्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची बुरशी लागलेली पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. ते यकृतावर आघात करतं, आणि भाजण्याने किंवा शिजवण्याने पुरतं नाहीसं होत नाही. दमटलेले, सुरकुतलेले, बुरशीचा डाग असलेले दाणे दिसले तर तो डबा टाकून द्यावा आणि पट्टीवरची तारीख वहीत टिपून ठेवावी.

खोलीत शिरून दोन मिनिटांत घेता येईल अशी एक परीक्षा आहे. एका जिनसाचं उघडं पाकीट आणि मिटलेलं पाकीट शेजारी धरा. उघड्याची तारीख मिटलेल्यापेक्षा जुनीच असली पाहिजे. मिटलेलं जुनं निघालं तर क्रम मोडला. एकाच जिनसाची दोन पाकिटं उघडी सापडली तरी क्रम मोडला. बाजारयादी करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मांडणीवर एवढं पाहिलं तर वेगळी नोंदवही लागतही नाही.

आणि शेवटी या सगळ्या पद्धतीची मर्यादा. क्रम कितीही बिनचूक ठेवला तरी तो जास्त झालेल्या खरेदीला वाचवू शकत नाही. चाळीस डब्यांच्या खाणावळीत आठवड्यातून एकदा उपमा होतो, माणशी पन्नास ग्रॅमप्रमाणे दोन किलो रवा लागतो. पंचवीस किलोचा कट्टा किलोमागे स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर तो साडेबारा आठवडे पुरेल. जूनमध्ये घेतलेला कट्टा सप्टेंबरपर्यंत. तेवढ्यात भुंगेऱ्यांच्या दोन पिढ्या सहज होतात. सगळा रवा अगदी क्रमाने वापरला, एक डबाही वरून भरला नाही, तरी शेवटचे दहा किलो धोक्यातच आहेत. उलट पोळ्यांची कणीक पाहा: दुपार-संध्याकाळ माणशी तीन पोळ्या, पोळीला तीस ग्रॅम पीठ धरलं तर दिवसाला सात किलोच्या वर जाते, पन्नास किलोचं पोतं आठवड्यात संपतं. त्या पोत्याला कसलीही भीती नाही. खाणावळीतलं नुकसान कणकेत होत नाही; रवा, साबुदाणा, वरई, मैदा, खसखस अशा कधीमधी लागणाऱ्या जिनसांत होतं. श्रावणात उपवासासाठी आणलेला साबुदाणा कार्तिकापर्यंत मांडणीवर असतो.

म्हणून पट्ट्या लावायला सुरुवात करायची असेल तर सगळ्या कोठीला एकदम हात घालू नका. येत्या रविवारी बाजारयादी करण्याआधी कमी खपाचे पाच डबे खाली काढा, परातीत पूर्ण ओता आणि तळ पाहा. जे चांगलं निघेल ते त्या आठवड्यात संपवा, डबे घासून उन्हात ठेवा, आणि प्रत्येक जिनसाचा आठवड्याचा खप लिहून त्याच्या चौपटीपेक्षा जास्त पावसाळ्यात आणू नका.